६७ शब्दांचे एक वाक्य: इंग्रजी शोधनिबंध फोडून कसा वाचावा

निपाणी, चिक्कोडी, खानापूर भागात दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पुढे बेळगावला किंवा धारवाडला विज्ञान किंवा शेतीशास्त्र शिकणाऱ्यांसाठी हा लेख आहे. पहिला इंग्रजी शोधनिबंध हातात आला की बहुतेक जण डिक्शनरी उघडतात आणि प्रत्येक अवघड शब्दावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहितात. पान भरून जाते, पण वाक्य काय सांगते ते हाती लागत नाही. गाडी खरी अडते ती तीन ठिकाणी. मुख्य क्रियापद सापडत नाही. लेखक किती खात्रीने बोलतो आहे ते निसटते. आणि ओळखीचा वाटणारा शब्द त्या विषयात भलताच अर्थ घेऊन बसलेला असतो.

या तिन्ही अडचणी एकाच वाक्यात पाहू. वाक्य सरावासाठी रचलेले आहे, पण उसाच्या पाचटावरच्या निबंधांत अशीच वाक्ये असतात. तोंडाने वाचता यावे म्हणून इथे देवनागरीत दिले आहे. आधी वहीत इंग्रजीत उतरवून घ्या, कारण पुढची सगळी कामे पेन्सिलीने करायची आहेत.

«ऑल्दो ट्रॅश रिटेन्शन हॅज बीन वाइडली रिपोर्टेड टु इम्प्रूव्ह सॉइल ऑर्गॅनिक कार्बन इन शुगरकेन, द एक्स्टेन्ट टु विच दिस इन्क्रीज, विच इज ऑफन कन्फाइन्ड टु द सरफेस लेयर, ट्रान्स्लेट्स इन्टु हायर केन यील्ड अंडर द इरिगेटेड कंडिशन्स ऑफ हेवी ब्लॅक सॉइल्स रिमेन्स अनक्लिअर, अँड अवर रिझल्ट्स सजेस्ट दॅट इट मे डिपेंड, ॲट लीस्ट इन पार्ट, ऑन द अमाउंट ऑफ नायट्रोजन अप्लाइड ड्युरिंग द अर्ली स्टेजेस ऑफ डिकम्पोझिशन.»

शब्द ६७, पूर्णविराम एक.

आधी क्रियापदे

मराठीत क्रियापद शेवटी येते, कन्नडमध्येही शेवटीच. त्यामुळे आपल्याला लहानपणापासून सवय असते की सगळे ऐकून घ्यायचे आणि निकाल शेवटच्या शब्दावर लावायचा. हीच सवय इंग्रजी वाचताना फसवते. वरचे वाक्य एकदा भराभर वाचून «हे कशाबद्दल आहे» असे विचारले, तर हमखास येणारे उत्तर म्हणजे «पाचट कुजण्याबद्दल». शेवटचा शब्द डिकम्पोझिशन आहे म्हणून. प्रत्यक्षात तो शब्द नत्र कधी द्यायचे एवढेच सांगतो.

म्हणून पहिली पायरी अशी, की अर्थ न लावता फक्त क्रियापदांखाली रेघ मारायची. काळ दाखवणारे क्रियापद तेवढेच मोजायचे. ज्याच्या आधी «टु» आहे ते मोजायचे नाही, म्हणून «टु इम्प्रूव्ह» सोडून द्या. या वाक्यात सहा रेघा येतील: हॅज बीन रिपोर्टेड, इज कन्फाइन्ड, ट्रान्स्लेट्स, रिमेन्स, सजेस्ट, मे डिपेंड.

«अप्लाइड»खाली सातवी रेघ मारण्याचा मोह होतो. तो भूतकाळासारखा दिसतो, पण «कोणी अप्लाय केले» असे विचारले तर जवळपास कर्ता सापडत नाही. नत्र स्वतःहून काही देत नाही, ते दिले जाते. अशा वेळी एक तपासणी करा. शब्दाच्या आधी मनात «विच वॉज» घालून पाहा. वाक्य मोडले नाही, तर तो शब्द तिथे विशेषण आहे आणि मराठीत त्याचा «दिलेले» होतो: दिलेले नत्र. शोधनिबंधांत असे शब्द पावलोपावली भेटतात. युज्ड, ऑब्टेन्ड, कलेक्टेड, ग्रोन यांच्यापाशी ही तपासणी चुकवली, तर वाक्याला दोन मुख्य क्रियापदे असल्यासारखे वाटते आणि सगळी मांडणी कोसळते.

दुसरी पायरी कंसांची. ऑल्दो, विच, दॅट, व्हेअरॅज, बिकॉज या शब्दांपासून कंस उघडायचा आणि त्यांच्या ताब्यातले क्रियापद त्या कंसात घ्यायचे. पहिला कंस ऑल्दोपासून शुगरकेनपर्यंत. दुसरा «टु विच»पासून सॉइल्सपर्यंत, आणि त्याच्या पोटात तिसरा, दोन स्वल्पविरामांमधला: «विच इज ऑफन कन्फाइन्ड टु द सरफेस लेयर». चौथा «दॅट»पासून शेवटपर्यंत. कंसाबाहेर दोनच क्रियापदे उरतात, रिमेन्स आणि सजेस्ट. वाक्याचा कणा हाच: «द एक्स्टेन्ट रिमेन्स अनक्लिअर, अँड अवर रिझल्ट्स सजेस्ट». किती ते स्पष्ट नाही, आणि आमचे निकाल काही सुचवतात.

एक्स्टेन्ट आणि रिमेन्स यांच्यामध्ये २५ शब्द आहेत. वाचणाऱ्याचा दम तिथेच जातो. रिमेन्सपर्यंत पोहोचेतो त्याचा कर्ता कोण होता हे विसरलेले असते आणि डोळा जवळच्या «सॉइल्स»ला कर्ता करून टाकतो. मग «जमिनी अस्पष्ट राहतात» असले काहीतरी वहीत उतरते. हे पकडायला व्याकरणाचा एक धागा हाताशी आहे. रिमेन्सला शेवटी «स» आहे, म्हणजे कर्ता एकवचनी हवा. सॉइल्स अनेकवचनी, म्हणून तो बाद. असा «स» दिसला की मागे जाऊन एकवचनी नाम शोधायचे.

«द एक्स्टेन्ट टु विच»चे शब्दशः भाषांतर करत बसू नका. मराठीत त्याला एकच शब्द आहे: किती. तसेच «द मॅनर इन विच» म्हणजे कसे, «द डिग्री टु विच» म्हणजेही किती, «द एक्स्टेन्ट ऑफ» म्हणजे व्याप्ती. इंग्रजी निबंधात प्रश्नाला नामाचा अंगरखा घालायची पद्धत आहे. तो उतरवला की आत साधा प्रश्न मिळतो.

तिसरी पायरी म्हणजे एकेका कंसाचे वेगळे मराठी वाक्य करणे. इंग्रजीत विच मागून जोडला जातो आणि मराठीत «जी... ती» पुढे येते. एकात एक दोन विच आले की जी-तीची माळ गळ्यात अडकते, म्हणून माळ करूच नका, वाक्य तोडा. तोडल्यावर असे उतरते:

उसात पाचट ठेवल्याने जमिनीतला सेंद्रिय कर्ब वाढतो, असे अनेक अभ्यासांत नोंदले गेले आहे. ही वाढ बऱ्याचदा वरच्या थरापुरतीच असते. बागायती भारी काळ्या जमिनीत या वाढीमुळे उसाचे उत्पादन किती वाढते, हे अजून स्पष्ट नाही. ते किती वाढेल हे, निदान काही अंशी, पाचट कुजण्याच्या सुरुवातीच्या काळात दिलेल्या नत्राच्या मात्रेवर अवलंबून असावे, असे आमच्या निकालांवरून वाटते.

चौथ्या वाक्यात «इट»च्या जागी काय आले ते पाहा. इट, दिस, दीज असा शब्द आला की मागच्या प्रत्येक नामाला त्या जागी बसवून पाहायचे. «कर्ब नत्रावर अवलंबून», «वरचा थर नत्रावर अवलंबून», «उत्पादन किती वाढेल ते नत्रावर अवलंबून». व्याकरणाने एक्स्टेन्ट बसतो, आणि विषयाच्या दृष्टीनेही तोच बसतो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे असते. ते कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या वाढीसाठी जमिनीतले नत्र ओढून घेतात, काही काळ उसाला नत्राची चणचण भासते, म्हणूनच शेतकरी पाचटावर युरिया टाकतात. ही गोष्ट शेतावर पाहिलेली असेल, तर इंग्रजीत अडलेल्या जागी तिचा हात धरता येतो.

लेखक किती खात्रीने बोलतो

बिचकून बोलणारे शब्द, म्हणजे मे, माइट, सजेस्ट, अपिअर, लाइकली, हे नवा वाचक भरतीचे म्हणून गाळतो. मग वहीत «नत्रावर अवलंबून असते» असे ठाम वाक्य येते, ते प्रबंधात जाते आणि तोंडी परीक्षेत «हे कोणी सिद्ध केले?» असा प्रश्न येतो. निबंधात ते कोणी सिद्ध केलेलेच नसते.

खात्रीच्या पायऱ्या सांगायला मराठीत उत्तम साधने आहेत. फक्त प्रत्येक इंग्रजी शब्दाला ठरावीक मराठी रूप लावून घ्यावे लागते. शो आणि डेमॉन्स्ट्रेट यांना «दिसून आले», «दाखवले». इंडिकेटला «यावरून दिसते». सजेस्टला «यावरून वाटते». लाइकलीला «बहुधा». मे असेल तिथे क्रियापदाचे असावे-रूप: वाढले असावे, अवलंबून असावे. माइट आणि कुड थोडे आणखी दुबळे, त्यांना «असेलही», «शक्यता आहे». कोणत्या शब्दाला कोणते रूप द्यायचे यावर वाद होऊ शकतो. पण एकदा ठरवले की सबंध निबंधभर तेच ठेवा, नाहीतर दोन वाक्यांची तुलनाच करता येणार नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा «शकणे» या क्रियापदाने होतो. इंग्रजीत कॅन आणि मे वेगळे आहेत आणि मराठीत दोन्हींना शकणे लावायची सवय आहे. कॅन म्हणजे योग्य परिस्थितीत तसे घडते, ती क्षमता आहे. मे म्हणजे घडले असेल किंवा नसेल, आम्हाला नक्की सांगता येत नाही. होकारार्थी वाक्यात ही गल्लत एकवेळ खपून जाते, नकारात मात्र अर्थच उलटतो. «ट्रॅश मे नॉट इन्क्रीज यील्ड» याचे «पाचटाने उत्पादन वाढू शकत नाही» असे केले, तर «अशक्य आहे» असा अर्थ झाला. ते कॅनॉटचे भाषांतर आहे. मे नॉटचा अर्थ «पाचटाने उत्पादन वाढणारही नाही कदाचित», म्हणजे वाढेल अशी खात्री धरू नका. निबंधात मे नॉट दिसला की त्याभोवती गोल करा आणि मराठीत «शकत नाही» हे शब्द वापरणार नाही असे पक्के ठरवा.

दुसरी जागा «हॅज बीन रिपोर्टेड»ची. सीमाभागातल्या वाचकाच्या कानात मराठीचे «म्हणे» असते आणि कन्नडचे क्रियापदाला लागणारे «अंते»ही असते. ऐकीव गोष्ट सांगताना दोन्ही वापरतात, आणि मराठी «म्हणे»मध्ये थोडा अविश्वासही डोकावतो. रिपोर्टेडला «म्हणे» लावले तर लेखक मागच्या संशोधकांवर शंका घेतो आहे असे वाटेल. इथे तशी शंका नाही. ते आम्ही मोजलेले नाही, पूर्वीच्या अभ्यासांत मोजले गेले आहे, एवढेच त्यात आहे. म्हणून «नोंदले गेले आहे» असे लिहा आणि ते कोणत्या अभ्यासांत नोंदले, ते पाहायला कंसातला संदर्भ तपासा.

काळही खात्री सांगतो, आणि हे शाळेत शिकवलेल्या व्याकरणातून सहज पकडता येते. साधा भूतकाळ, उदाहरणार्थ «इन्क्रीज्ड», म्हणजे या प्रयोगात, या शेतात, या हंगामात वाढले. साधा वर्तमानकाळ, «इन्क्रीजेस», म्हणजे लेखक सर्वसाधारण नियम सांगतो आहे. «हॅज इन्क्रीज्ड», «हॅज बीन शोन» अशी रूपे बहुधा आधीच्या अभ्यासांबद्दल असतात. निकालाच्या भागात भूतकाळ आणि आकडे, चर्चेच्या भागात वर्तमान आणि मे, अशी सामान्य वाटणी असते. एखादा लेखक चर्चेत अचानक भूतकाळ सोडून ठाम वर्तमानात गेला, तर तिथे थांबा. एका शेतावरची गोष्ट तो सगळ्या शेतांची करतो आहे का, ते पाहायची ती जागा आहे.

उदाहरणातल्या वाक्यात «सजेस्ट» आणि «मे» एकापाठोपाठ आले आहेत, वर «ॲट लीस्ट इन पार्ट» आहे. तीन बिचकणारे शब्द एकत्र पाहून लेखकाचा स्वतःवरच विश्वास नाही असे समजू नका. सजेस्ट सांगतो की पुरावा अप्रत्यक्ष आहे. मे सांगतो की निष्कर्ष पक्का नाही. «ॲट लीस्ट इन पार्ट» सांगतो की नत्राखेरीज दुसरी कारणेही असतील. तिघांची कामे वेगळी आहेत, म्हणून मराठीतही तिन्ही ठेवायचे: वाटते, असावे, निदान काही अंशी.

«लिटल» आणि «अ लिटल» यांतला फरक एका अक्षराचा आहे आणि मराठीत आर्टिकल नसल्याने तो डोळ्यांना दिसतच नाही. «लिटल एव्हिडन्स» म्हणजे पुरावा जवळजवळ नाही. «अ लिटल» म्हणजे थोडा आहे. फ्यू आणि अ फ्यू यांचेही तसेच.

ओळखीचे शब्द, परके अर्थ

ट्रॅश म्हणजे कचरा आणि केन म्हणजे छडी, असे डिक्शनरी पहिल्या ओळीत सांगेल. उसाच्या निबंधात ट्रॅश म्हणजे पाचट, केन म्हणजे ऊस. ट्रान्स्लेट्स इन्टु याचा भाषांतराशी संबंध नाही, त्याचा अर्थ «...मध्ये रूपांतर होते», म्हणजे कर्ब वाढल्याचा फायदा उत्पादनात दिसतो. रटून म्हणजे खोडवा, लॉजिंग म्हणजे ऊस लोळणे, ट्रीटमेंट म्हणजे प्रयोगातला एक पर्याय आणि कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी काहीही न देता ठेवलेला भाग. अवघड शब्दांसाठी आपण डिक्शनरी उघडतो, सोप्या शब्दांसाठी उघडतच नाही, म्हणून फसगत सोप्या शब्दांत जास्त होते. वाक्य अर्थशून्य वाटले की त्यातला सगळ्यात सोपा शब्द आधी तपासा.

त्यांत «सिग्निफिकंट»ला मान पहिला. रोजच्या इंग्रजीत महत्त्वाचा, निबंधात «योगायोगाने आला नसावा इतका» फरक. भारतातल्या शेतीच्या निबंधांत तक्त्याच्या तळाशी सी.डी. नावाची एक ओळ असते, क्रिटिकल डिफरन्सची. समजा पाचट जाळलेल्या पर्यायाचे उत्पादन हेक्टरी ११२ टन, पाचट ठेवलेल्याचे ११८ टन आणि सी.डी. ९.४ आहे. फरक ६ टनांचा आहे. तो ९.४ पेक्षा कमी आहे, म्हणून लेखक «ॲट पार» किंवा «ऑन पार» असे लिहील. त्याचा अर्थ दोन्ही आकडे सारखे आहेत असा नाही, आणि पाचटाचा काही उपयोग नाही असाही नाही. या प्रयोगात दिसलेला ६ टनांचा फरक योगायोगाच्या मर्यादेत राहिला, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीत «लक्षणीय फरक आढळला नाही» असे लिहा, «फरक नाही» असे लिहू नका. सी.डी.च्या जागी एन.एस. असेल, तर ते नॉन-सिग्निफिकंट.

मग येतात एकापुढे एक ठेवलेली नामे: «सॉइल ऑर्गॅनिक कार्बन स्टॉक», «शुगरकेन ट्रॅश डिकम्पोझिशन रेट». इथे आपली भाषा आपल्या बाजूने आहे. मुख्य नाम शेवटी येते, मराठीतही शेवटीच येते, फक्त मधले चा-ची-चे इंग्रजीने गाळलेले असतात. शेवटचे नाम धरून उलटे वाचा आणि प्रत्यय घाला: उसाच्या पाचटाच्या कुजण्याचा वेग. जोडणी चुकली तर अर्थ चुकतो. «हाय नायट्रोजन यूज एफिशिअन्सी» यात हाय कशाला लागतो? नत्राला लावले तर «जास्त नत्र वापरणारे वाण» असा उलटा अर्थ होतो. तो एफिशिअन्सीला लागतो: नत्राचा वापर जास्त कार्यक्षमतेने करणारे वाण. अशा वेळी शंका आली, तर त्याच निबंधाच्या पद्धतीच्या भागात जा. तिथे तीच गोष्ट कशी मोजली ते लिहिलेले असते, आणि मोजण्याच्या सूत्रावरून जोडणी उलगडते.

यासाठी वहीत तीन रकाने आखा: इंग्रजी, मराठी, कन्नड. मराठी पुस्तकात नत्र, स्फुरद, कर्ब शिकलेल्याला रैत संपर्क केंद्रातल्या पत्रकावर सारजनक, रंजक, इंगाल भेटतात, आणि निबंधात नायट्रोजन, फॉस्फरस, कार्बन. तिन्ही नावे एका ओळीत आली की प्रयोगासाठी शेतकऱ्यांशी बोलताना आणि खतांच्या नोंदी वाचताना अडत नाही. वहीत सुटा शब्द लिहू नका, पूर्ण शब्दगट लिहा आणि पुढे तो कोणत्या निबंधात आला ते टिपा. «रिस्पॉन्स» एकटा लिहून काही उपयोग नाही. «यील्ड रिस्पॉन्स टु नायट्रोजन: नत्र दिल्याने उत्पादनात झालेली वाढ» अशी नोंद पुन्हा कामी येते. एकाच विषयावरचे निबंध सलग वाचत गेलात की तेच शब्दगट पुन्हा पुन्हा येतात आणि वहीत नव्या नोंदी कमी कमी होत जातात. म्हणून सुरुवातीला विषय बदलू नका: पाचट तर पाचटच.

प्रत्येक वाक्याची अशी चिरफाड करायला वेळ पुरणार नाही. पहिल्या वाचनात सारांश, तक्ते आणि चर्चेचा शेवटचा परिच्छेद घ्या. प्रस्तावनेच्या शेवटी «हाउएव्हर» किंवा «रिमेन्स अनक्लिअर» असलेले वाक्य शोधा, कारण निबंध कोणता प्रश्न सोडवायला निघाला ते बहुधा तिथेच असते. चर्चेत «अवर रिझल्ट्स» किंवा «दीज फाइंडिंग्ज»ने सुरू होणारी वाक्ये निवडा. अशी पाच-सहा वाक्ये पेन्सिल घेऊन पूर्ण फोडा, बाकीची कणा शोधून पुढे सोडा. फोडलेल्या प्रत्येक वाक्याचे मराठी दुसऱ्या दिवशी मूळ इंग्रजी न पाहता वाचा आणि मग मुळाशी ताडून पाहा. मराठीत «असावे» होते आणि इंग्रजीत मे किंवा माइट सापडत नाही, किंवा इंग्रजीत मे आहे आणि मराठीत «असते» झाले आहे, तर तेवढी ओळ खोडून पुन्हा लिहा.